खड्याचे मोल त्याच्या जागेवर : लेखी गणितापूर्वीचा गणनफलक

संख्या लिहिणे आणि संख्यांनी हिशेब करणे या दोन क्रिया आज आपल्याला एकच वाटतात. ज्या अंकांत आपण रक्कम लिहितो, त्याच अंकांत ती मिळवतो, वजा करतो व गुणतो. मानवी इतिहासाच्या फार मोठ्या कालखंडात मात्र ही दोन कामे वेगळी होती. ग्रीक व रोमन लोक संख्या अक्षरांनी लिहीत. परंतु त्या अक्षरांवर ते हिशेब करीत नसत. हिशेब होई तो फलकावर मांडलेल्या खड्यांनी, आणि उत्तर हाती आले म्हणजे ते अक्षरांत नोंदवून खडे गोळा केले जात. लेखणी नोंदीसाठी आणि फलक गणनेसाठी, अशी ही श्रमविभागणी होती. लॅटिन भाषेत लहान खड्याला ‘कॅल्क्युलस’ म्हणत. आजच्या ‘कॅल्क्युलेटर’ या शब्दात तोच खडा दडलेला आहे.

तारेत मणी ओवलेली चौकट आजच्या विद्यार्थ्यांना ‘अबॅकस’ या नावाने परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तिच्याही आधीचा व अधिक साधा आहे. सपाट पृष्ठभाग, त्यावर काही रेषा आणि सुटे खडे एवढीच त्याची सामग्री. ग्रीसमधील सालामिस बेटावर १८४६ मध्ये असा एक संगमरवरी फलक सापडला. त्याची लांबी सुमारे दीड मीटर आहे. युरोपात हीच पद्धत सोळाव्या शतकापर्यंत बाजारात, कचेरीत व शाळेत चालू होती. त्या शेवटच्या काळातील फलकाची रीत छापील पुस्तकांतून तपशिलाने शिल्लक राहिली असल्याने, आपण तीच उदाहरण म्हणून घेऊ.

फलकाची रचना

एकमेकींना समांतर अशा चार आडव्या रेषा काढाव्यात. सर्वांत खालची रेषा एककाची, तिच्या वरची दशकाची, त्यावरची शतकाची आणि सर्वांत वरची सहस्राची. सहस्राच्या रेषेवर फुलीची खूण करीत, म्हणजे मोजताना नजर चुकत नसे. मोठ्या संख्या हव्या असल्यास वर आणखी रेषा काढता येतात.

दोन रेषांमधील मोकळी जागाही वाया जात नाही. तिला आपण ‘घर’ म्हणू. घरातील खड्याचे मोल त्याच्या खालच्या रेषेच्या पाचपट असते. एकक व दशक यांच्यामधील घर पाचाचे, दशक व शतक यांच्यामधील घर पन्नासाचे, आणि शतक व सहस्र यांच्यामधील घर पाचशेचे.

यावरून दोनच नियम निघतात आणि संपूर्ण फलक या दोन नियमांवर चालतो. कोणत्याही रेषेवर पाच खडे झाले, की ते उचलून वरच्या घरात एक खडा ठेवावा. कोणत्याही घरात दोन खडे झाले, की ते उचलून वरच्या रेषेवर एक खडा ठेवावा. म्हणून आवरून झालेल्या फलकावर रेषेवर चारांहून अधिक आणि घरात एकाहून अधिक खडा कधीच राहत नाही.

या मांडणीचे रोमन लेखनाशी सरळ नाते आहे. रोमन लेखनात एक, पाच, दहा, पन्नास, शंभर, पाचशे व हजार यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. फलकावर नेमक्या त्याच सात जागा आहेत. चाळीस लिहिताना दहाचे अक्षर चार वेळा काढण्याची जुनी रीत घेतली, तर फलकावर जितके खडे तितकीच अक्षरे लिहावी लागतात. रोमन अंक हिशेबाला गैरसोयीचे, असे आपण सहज म्हणतो. ते हिशेबासाठी नव्हतेच. ते फलकाची प्रत होते.

बेरीज

एका कोठारात १,७६८ पोती धान्य आहे आणि त्यात ८४७ पोत्यांची भर पडली, असे समजू. प्रथम १,७६८ मांडू. सहस्राच्या रेषेवर १, पाचशेच्या घरात १, शतकाच्या रेषेवर २, पन्नासाच्या घरात १, दशकाच्या रेषेवर १, पाचाच्या घरात १ आणि एककाच्या रेषेवर ३, असे एकूण दहा खडे लागतात. त्यांच्याच शेजारी ८४७ मांडू. पाचशेच्या घरात १, शतकावर ३, पन्नासाचे घर रिकामे, दशकावर ४, पाचाच्या घरात १ आणि एककावर २, असे हे अकरा खडे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बेरीज एवढ्यातच झाली. दोन्ही रकमांचे खडे एका फलकावर आले, म्हणजे त्यांची एकूण संख्या फलकावर आलीच. उरते ते केवळ आवरणे, आणि ते खालून वर करीत जावे.

एककावर ५ खडे आहेत. ते उचलून पाचाच्या घरात एक ठेवू. त्या घरात आता ३ झाले; त्यांतील दोन उचलून दशकावर एक ठेवू, घरात १ राहील. दशकावर ५ होते, ते आता ६ झाले. पाच उचलून पन्नासाच्या घरात एक ठेवू, दशकावर १ राहील. पन्नासाच्या घरात २ झाले. दोन्ही उचलून शतकावर एक ठेवू, घर रिकामे होईल. शतकावर ६ झाले. पाच उचलून पाचशेच्या घरात एक ठेवू, शतकावर १ राहील. पाचशेच्या घरात ३ झाले. दोन उचलून सहस्रावर एक ठेवू, घरात १ राहील. सहस्रावर आता २ आहेत.

वरून खाली वाचू : दोन सहस्र, एक पाचशे, एक शतक, एक दशक आणि एक पाच. म्हणजे २,६१५ पोती.

लेखी बेरजेत आपण ‘हातचा एक’ म्हणतो आणि तो मनात धरतो किंवा कोपऱ्यात लिहितो. फलकावर हातचा खरोखरच हातात येतो आणि लगेच वरच्या जागी ठेवला जातो. लक्षात ठेवण्यासारखे काहीच उरत नाही. ज्याला पाचापर्यंत मोजता येते, त्याला ही बेरीज येते.

वजाबाकी आणि गुणाकार

वजाबाकी म्हणजे हीच वाट उलट चालणे. जेथे उचलायला खडा नसेल, तेथे वरचा खडा सुटा करावा लागतो, जशी दुकानदाराकडून नोट सुटी करून घेतात. वरच्या २,६१५ मधून १,७६८ पोती बाहेर गेली असे समजू. एककावरून तीन खडे उचलायचे आहेत, पण तेथे एकही नाही. म्हणून पाचाच्या घरातील खडा उचलून एककावर पाच ठेवू आणि त्यांतून तीन काढू, दोन उरतील. आता पाचाच्या घरातून एक काढायचा, ते रिकामे आहे. म्हणून दशकावरील खडा सुटा करून पाचाच्या घरात दोन ठेवू, एक काढू, एक उरेल.

खरी कसोटी पुढे आहे. दशकावरून एक काढायचा, पण दशक रिकामे, आणि पन्नासाचे घरही रिकामे. अशा वेळी शतकापर्यंत जावे लागते. शतकाचा खडा सुटा केला की पन्नासाच्या घरात दोन येतात. त्यांतील एक पुन्हा सुटा केला की दशकावर पाच येतात. दशकावरून एक काढला, चार उरले. पन्नासाच्या घरातून एक काढला, ते रिकामे झाले. शतकावरून दोन काढण्यासाठी पाचशेचा खडा सुटा करावा. पाचांतून दोन गेले, तीन उरले. पाचशेच्या घरातून एक काढण्यासाठी सहस्राचा एक खडा सुटा करावा. दोनांतून एक गेला, एक उरला. शेवटी सहस्रावरचा उरलेला खडा उचलावा. फलकावर ८४७ शिल्लक आहेत. रिकाम्या जागा ओलांडून उसने घेण्यात मुले लेखी गणितात अडखळतात. येथे तीच क्रिया दोन टप्प्यांत डोळ्यांसमोर घडते.

गुणाकारात फलकाचा एक विशेष गुण दिसून येतो. सर्व खडे एकेक रेषा वर सरकवले, की संख्या दसपट होते. ३७ विद्यार्थ्यांना प्रत्येकी २४ वह्या द्यावयाच्या आहेत, असे समजू. चोवीस म्हणजे दोन दशक व चार. म्हणून ३७ ही संख्या एक रेषा वर दोनदा मांडावी आणि मूळ जागी चार वेळा मांडावी. आवरण्यापूर्वी फलकावर शतकावर ६, पन्नासाच्या घरात २, दशकावर १६, पाचाच्या घरात ४ आणि एककावर ८ खडे दिसतील. पूर्वीच्याच दोन नियमांनी ते आवरले, की पाचशे, तीन शतक, पन्नास, तीन दशक, पाच आणि तीन एकक उरतात. म्हणजे ८८८ वह्या. येथे सदतीसाचा तर नाहीच, पण साताचाही पाढा लागला नाही. लेखी गुणाकार पाढ्यांवर उभा आहे. फलकावरचा गुणाकार केवळ पुन्हा पुन्हा मांडण्यावर.

चूक कोठे होते आणि कशी ओळखावी

फलकावरील चूक सहसा मोजण्यात नसते, ती ठेवण्यात असते. खडा जेथे हवा त्याच्या वरच्या किंवा खालच्या जागी पडतो. त्या काळचे गणक उत्तराची परीक्षा नवाच्या कसोटीने घेत. संख्येतील अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करीत जावी. १,७६८ चे अंक मिळून २२, म्हणजे ४. ८४७ चे १९, म्हणजे १०, म्हणजे १. चार आणि एक पाच. उत्तर २,६१५, त्याचे अंक मिळून १४, म्हणजे ५. कसोटी जुळली.

या उत्तरात दशकाचा खडा चुकून पन्नासाच्या घरात सरकला, तर २,६५५ वाचले जाईल. त्याचे अंक मिळून १८, म्हणजे ९; चूक तत्काळ उघडी पडते. परंतु तोच खडा दशकावरून थेट शतकाच्या रेषेवर गेला, तर २,७०५ वाचले जाईल, आणि त्याचे अंक मिळून पुन्हा १४, म्हणजे ५ च येतात. कसोटी जुळते आणि उत्तर मात्र नव्वदाने चुकलेले असते. कारण खडा पूर्ण एक रेषा सरकला, की फरक नेहमी नवाच्या पटीत पडतो : ९, ९० किंवा ९००. नवाची कसोटी नेमक्या याच चुकीला आंधळी आहे. अशा वेळी खात्रीचा उपाय एकच. बेरजेतून एक रक्कम वजा करून दुसरी परत मिळते का, हे पाहावे. सहस्राच्या रेषेवरील फुलीचे प्रयोजनही यावरून ध्यानात येईल.

फलकाची दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. हिशेब पुढे जातो तसा मागचा पुसला जातो. मूळ रकमांचे खडे आवरताना उत्तरात मिसळून जातात. उत्तर चुकले, तर कोणत्या पायरीवर चुकले हे शोधायला काहीच शिल्लक नसते; सारे पुन्हा मांडावे लागते.

उघड्यावरचा हिशेब

या उणिवेच्या जोडीला एक मोठा गुणही होता. फलकावरचा हिशेब समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसे. इंग्लंडच्या राजकोषाची कार्यपद्धती रिचर्ड फिट्झनील या कोषाधिकाऱ्याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहून ठेवली आहे. सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद अशा मेजावर रेघांचे काळे कापड पसरलेले असे. पटाच्या चौकटींवरून त्या खात्याला ‘एक्सचेकर’ हे नाव पडले. कापडावरच्या स्तंभांत पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड अशा चढत्या रकमा असत. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असल्याने आवरण्याचा नियम प्रत्येक स्तंभाला वेगळा होता. पै, आणे व रुपये यांचा हिशेब केलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

जिल्ह्याचा वसूल घेऊन आलेला अधिकारी मेजाच्या एका बाजूस बसे. त्याने द्यावयाची रक्कम वरच्या ओळीत मांडली जाई आणि त्याने भरलेली खालच्या ओळीत. मग वरचे खडे खालच्या खड्यांच्या प्रमाणात उचलले जात. जे उरे, ते त्याचे देणे. अशा अधिकाऱ्यांपैकी अनेकांना लॅटिन नोंदी वाचता येत नसत. पण समोरच्या मेजावरून किती खडे उचलले गेले, हे प्रत्येकाला पाहता येई. हिशेब समजण्यासाठी अक्षरओळखीची अट नव्हती.

खडा आणि त्याची अवस्था

एकच खडा एका रेषेवर एक असतो आणि दुसऱ्या रेषेवर शंभर. खडा बदलत नाही, त्याचे स्थान बदलते. ही गोष्ट प्राचीन विचारवंतांच्याही नजरेतून सुटली नाही. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने राजदरबारातील माणसांना फलकावरच्या खड्यांची उपमा दिली आहे : मोजणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे त्यांचे मोल क्षणात सर्वाधिक आणि क्षणात नगण्य होते.

आपल्या देशात हाच दृष्टान्त बौद्ध दर्शनाच्या एका गहन चर्चेत आला आहे. आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात सर्वास्तिवादी आचार्यांची मते नोंदलेली आहेत. भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळांत धर्म अस्तित्वात असतो असे मानले, तर तो तिन्ही काळांत वेगवेगळा कसा दिसतो, हा तेथील प्रश्न. भदंत वसुमित्रांचे उत्तर असे, की भेद अवस्थेचा आहे, द्रव्याचा नाही. आणि त्यासाठी त्यांनी गणनेच्या वर्तिकेचा दाखला दिला. तीच वर्तिका एककाच्या जागी एक, शताच्या जागी शंभर आणि सहस्राच्या जागी हजार म्हटली जाते. वसुबंधूंनी चार मतांपैकी हे मत उत्तम म्हटले आणि पुढे सौत्रान्तिक भूमिकेवरून त्यावरही आक्षेप घेतले. सातव्या शतकात युआन च्वांग यांनी हा ग्रंथ चिनी भाषेत नेला, तेव्हा वर्तिकेसाठी त्यांनी गणनशलाकेचा शब्द योजला. त्यांच्या देशात हिशेब बांबूच्या शलाकांनी होत असे. त्यामुळे वाचकांना दृष्टान्त समजावून सांगण्याची आवश्यकता पडली नसावी.

यावरून एक सावधगिरीही शिकावी. बौद्ध दर्शनातील शून्यता आणि गणितातील शून्य यांची सरमिसळ अनेकदा केली जाते. फलक पाहिला म्हणजे गणितातील शून्याची गरज वेगळ्या ठिकाणी दिसते. २,६१५ मांडताना पन्नासाचे घर रिकामे आहे, आणि ते रिकामेच ठेवले की पुरे. त्यासाठी कोणतीही खूण लागत नाही. पण तीच मांडणी रेषा पुसून केवळ अंकांत लिहायची झाली, तर २,७०५ मधील रिकाम्या दशकासाठी काहीतरी लिहावेच लागते. अन्यथा ते २७५ वाचले जाईल. फलकावर जे मोकळी जागा सांगते, ते कागदावर शून्याला सांगावे लागते.

लेखणीचा विजय

भारतीय अंकांनी गणित करण्याची रीत अरबी ग्रंथांमार्फत युरोपात पोहोचली. पिसा येथील लिओनार्दो, म्हणजेच फिबोनाची, याने १२०२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात ‘अबॅकस’ आहे, पण त्यात शिकवले आहे ते लेखी गणित. तरीही फलक लगेच हटला नाही. १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत रकमा नव्या अंकांत लिहिण्यास बंदी केली. त्या अक्षरांतच लिहाव्यात असा नियम होता. जर्मन गणितशिक्षक अ‍ॅडम रीस याचे १५१८ चे पुस्तक केवळ रेषांवरील गणिताचे होते. १५२२ च्या दुसऱ्या पुस्तकात त्याने रेषा आणि लेखणी या दोन्ही रीती शेजारी शेजारी शिकवल्या. आरंभ मात्र रेषांपासूनच केला.

लेखणी जिंकली ती वेगामुळे नव्हे. बेरजेत सराईत गणक लेखणीला हार जात नसे. ती जिंकली, कारण कागद स्वस्त झाला आणि कागदावर हिशेबाची प्रत्येक पायरी उरते. चूक कोठे झाली हे दुसऱ्या दिवशीही दाखवता येते. भारतात लेखी गणिताची पहिली पायरी धुळीच्या पाटीवर होती आणि ‘पाटीगणित’ हे नावही त्या पाटीवरूनच आले. त्या पाटीवरचे अंक मात्र फलकावरच्या खड्यांप्रमाणेच पुसले जात. आजच्या वहीतील राहिलेली, तपासता येणारी आकडेमोड ही त्या दोहोंच्या पुढची पायरी आहे.

ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल, त्यांनी फरशीवर खडूने चार रेषा काढाव्यात आणि तीसएक चिंचोके घ्यावेत. वरील बेरीज मांडून आवरावी आणि चिंचोके मोजावेत. आरंभी एकवीस होते, शेवटी सहा उरतील. रेषेवरील पाच उचलून एक ठेवताना प्रत्येक वेळी चार कमी होतात आणि घरातील दोन उचलून एक ठेवताना एक कमी होतो. अशा क्रिया प्रत्येकी तीन वेळा घडल्या, म्हणून बरोबर पंधरा चिंचोके हातात यायला हवेत. चौदा किंवा सोळा आले, तर कोठेतरी नियम मोडला आहे, आणि मग पुन्हा पहिल्या खड्यापासून सुरुवात करणे हाच मार्ग आहे.